लांब फ्रेंच वाक्य इंग्रजीत तोडताना 'मी' हरवला

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि घरूनच फ्रेंच-इंग्रजी भाषांतराची कामं करते. आजवर यंत्रांची माहितीपत्रकं, द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं, कुणाचा जन्मदाखला, असंच असायचं. तत्त्वज्ञान पहिल्यांदाच हातात आलंय आणि पहिल्याच पानावर आपटले आहे. इथला नियम देवनागरीचा, त्यामुळे फ्रेंच आणि इंग्रजी शब्दही देवनागरीतच लिहितेय. उच्चार चुकले तर सांभाळून घ्या.

काम असं: आंरी बर्गसाँ यांच्या १८८९ च्या पहिल्या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणातले निवडक उतारे नव्याने इंग्रजीत करायचे. इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. काम देणाऱ्यांच्या अटी दोनच. एकही वाक्य पंचवीस शब्दांपुढे जायचं नाही. आणि अमूर्त संज्ञेला एकदा जो इंग्रजी शब्द घेतला तोच शेवटपर्यंत.

नमुन्याला दिलेलं वाक्य मराठीत साधारण असं होईल: "निखळ द्युरे म्हणजे आपल्या जाणिवेच्या अवस्थांचा क्रम जे रूप घेतो ते, जेव्हा आपला मी स्वतःला नुसतं जगू देतो, जेव्हा तो आत्ताची अवस्था आणि आधीच्या अवस्था यांच्यात विभागणी करायचं टाळतो." द्युरे म्हणजे इंग्रजीत ड्युरेशन, एवढं त्यांनीच ठरवून दिलंय.

मी त्याची चार वाक्यं केली. "प्युअर ड्युरेशन इज अ फॉर्म. अवर कॉन्शस स्टेट्स टेक धिस फॉर्म वन आफ्टर अनदर. धिस प्रोसेस अकर्स व्हेन अवर ईगो लेट्स इटसेल्फ लिव्ह. द सेल्फ देन डझ नॉट सेपरेट इट्स प्रेझेंट स्टेट फ्रॉम अर्लिअर वन्स."

मला तर फार सुटसुटीत वाटलं होतं. परत आलं तेव्हा समासात दोनच शेरे होते. एक, "संज्ञा बदलली". तो कळला, ईगो आणि सेल्फ दोन्ही वापरले, चूक माझी. दुसरा, "तर्क बदलला, तीन ठिकाणी". हा मात्र चार दिवस झाले कळत नाहीये. शब्द तर सगळे आलेत. कुणाला दिसतंय का?

हळदीबाजार
मंगळवार, रात्री १०:१५

ताई, मी कोर्टाची आणि खरेदीखतांची भाषांतरं करतो, मराठी ते इंग्रजी. तुमचा पहिला प्रश्न तर चुटकीसरशी सुटतो. फ्रेंच शब्दांची यादी करा, प्रत्येकापुढे एकच इंग्रजी शब्द लिहा आणि काम संपलं की शोधा-आणि-बदला. आमच्याकडे 'मिळकत' म्हणजे प्रॉपर्टी. पहिल्या पानावर प्रॉपर्टी आणि तिसऱ्या पानावर इस्टेट लिहिलं की समोरचा वकील विचारतोच, ही दुसरी कुठली मिळकत?

आणि वाक्य तोडायला घाबरू नका. खरेदीखत दीड पान एका वाक्यात असतं, आम्ही तोडतोच की. प्रत्येक तुकड्यात 'सदर मिळकत' टाकलं की झालं.

कंदीपेढा
मंगळवार, रात्री ११:०२

माझ्या भाचीला कॅनडाला जायचंय, त्यासाठी टेफ परीक्षा द्यायची आहे. साताऱ्यात फ्रेंचचा क्लास कुठे चांगला आहे? तिलाही लांब वाक्यं जमत नाहीत.

कृष्णाकाठ
बुधवार, सकाळी ८:२०

कंदीपेढा, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

हळदीबाजार, तुमचं ऐकलं आणि रात्रीच करून पाहिलं. सेल्फ शोधा, ईगो घाला. इटसेल्फ होतं तिथे 'इटईगो' झालं. यजमानांनी मागून वाचलं आणि विचारलं, हे कुठलं इटालियन आइस्क्रीम?

मिरजजंक्शन
बुधवार, सकाळी ९:०५

इटईगो 😂 काय ओ ताई, सकाळी सकाळी चहा सांडला.

मी जर्मन करतो, पुण्याच्या एका कारखान्यासाठी. तुमचं फ्रेंच परवडलं म्हणायचं. आमच्यात क्रियापद बघायला शेवटच्या डब्यापर्यंत चालत जावं लागतं. पण एक सांगतो, ईगो नका ठेवू. आपल्याकडं "त्याला लई ईगो हाय" म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीय. विद्यार्थी तेच वाचणार.

जुनाचष्मा
बुधवार, दुपारी ३:३०

साताऱ्याहून लिहितो आहे. फ्रेंच शिकवण्यात बरीच वर्षे गेली, आता दुपार मोकळी असते. म्हणून सविस्तर लिहितो.

कृष्णाकाठ, तुमच्या तपासनिसाने दोन शेरे वेगवेगळे लिहिले असले तरी दुखणे एकच आहे. वाक्य तोडले की नवे वाक्य सुरू होते. नव्या वाक्याला कर्ता लागतो. फ्रेंचमध्ये तो कर्ता एका सर्वनामाने, संबंधी उपवाक्याने किंवा नुसत्या स्वल्पविरामाने निभावलेला होता. तुम्हाला मात्र तिथे नाम घालावे लागते. ते नाम कुठून आणता, यावर सगळे ठरते. लेखकाच्या संज्ञांमधून आणले तर ठीक. स्वतःच्या खिशातून काढले तर तुम्ही लेखकाच्या तोंडी एक नवी कल्पना घातली.

आता तुमची तीन ठिकाणे पाहू.

पहिले ठिकाण 'धिस प्रोसेस'. बर्गसाँ यांच्या त्या वाक्यात प्रक्रिया नाही. आहे ते एक रूप आणि एक क्रम. तुम्हाला तिसऱ्या वाक्यासाठी कर्ता हवा होता आणि हाताशी गुळगुळीत शब्द पडलेला होता, तो उचललात. विद्यार्थी मात्र त्याखाली रेघ मारील आणि परीक्षेत लिहील की ड्युरेशन ही एक प्रोसेस आहे. हळदीबाजार यांचा 'सदर' इथे खरोखर उपयोगी आहे, पण पूर्ण रूपात: 'सदर मिळकत' चालते, 'सदर बाब' चालत नाही. धिस नंतर जे नाम येईल ते आधीच्या वाक्यात शब्दशः आलेले असले पाहिजे. धिस प्रोसेस, धिस नोशन, धिस आयडिया, ही सगळी 'सदर बाब' आहेत.

दुसरे ठिकाण 'वन आफ्टर अनदर'. मूळ वाक्यात रूप कोण घेते? अवस्था घेत नाहीत, अवस्थांचा क्रम घेतो. क्रम हा तिथे कर्ता आहे आणि त्या प्रकरणातली महत्त्वाची संज्ञा आहे. अवकाशात शेजारी-शेजारी असणे आणि काळात क्रमाने येणे, हा भेद तिथे मांडायचा आहे. तुम्ही नामाचे क्रियाविशेषण केलेत. वाक्य हलके झाले, पण यादीतली एक संज्ञा गळाली. दहा पानांनंतर सक्सेशन हा शब्द आला की वाचकाला तो नवा वाटेल.

तिसरे ठिकाण सर्वांत बारीक, 'देन'. फ्रेंचमध्ये 'जेव्हा' दोनदा आले आहे, मध्ये फक्त स्वल्पविराम. दुसरा 'जेव्हा' पहिल्याचा खुलासा करतो. मी स्वतःला जगू देतो म्हणजे काय करतो, तर विभागणी करायचे टाळतो. तुमच्या इंग्रजीत आधी मी जगू देतो आणि मग त्याचा परिणाम म्हणून विभागणी होत नाही. खुलाशाचा परिणाम झाला. दोन 'जेव्हा' मधून सुरी फिरवायची असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी पुन्हा 'व्हेन' किंवा 'दॅट इज' लागेल.

आणि एक चौथे, जे तपासनिसाच्याही नजरेतून सुटले असावे. तुमचे पहिले वाक्य 'प्युअर ड्युरेशन इज अ फॉर्म', आणि दुसऱ्यात आपल्या अवस्था ते रूप घेतात, पूर्णविराम. अट तिसऱ्या वाक्यात. म्हणजे दुसरे वाक्य वाचून संपेपर्यंत वाचकाने मान्य केले की अवस्था नेहमीच ते रूप घेतात. हे बर्गसाँ यांच्या अगदी उलट आहे. त्यांचे म्हणणे असे की आपण बहुतेक वेळ अवस्था मण्यांसारख्या शेजारी-शेजारी मांडतो आणि क्वचितच ते निखळ रूप हाती लागते. अट तोडून पुढच्या वाक्यात ढकलली की आधीचे वाक्य तेवढ्यापुरते खोटे होते.

हळदीबाजार
बुधवार, सायंकाळी ५:१०

सर, नमस्कार. 'सदर बाब' एकदम पटलं, आमच्याकडेही त्यावरून भांडणं झालीत. पण माझा मुद्दा तसाच राहतो ना? एका शब्दाला एकच शब्द.

जुनाचष्मा
बुधवार, सायंकाळी ६:००

निम्मा राहतो. तुमची मिळकत ही एकच जमीन असते, तिचा गट नंबर असतो. संज्ञेचा गट नंबर बदलू शकतो.

ह्याच वाक्यातला कोंसियांस घ्या. फ्रेंचमध्ये जाणीव आणि सदसद्विवेक या दोन्हींना हा एकच शब्द. इंग्रजीत दोन: कॉन्शसनेस आणि कॉन्शन्स. तुमच्या यादीप्रमाणे सरसकट कॉन्शसनेस घातला तर नीतीवरच्या एखाद्या पानावर माणसाला कॉन्शसनेस टोचायला लागेल. गंमत म्हणजे हीच अडचण उलट दिशेने पिएर कोस्त यांना आली होती. त्यांनी जॉन लॉक यांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला, १७०० साली. लॉक यांच्या कॉन्शसनेसला फ्रेंच शब्दच मिळेना. शेवटी त्यांनी कोंसियांस हाच शब्द मधे जोडरेघ घालून, 'कों-सियांस' असा छापला आणि खाली टीप लिहून वाचकाची समजूत घातली. तीनशे वर्षे झाली, जोडरेघ गेली, अडचण आहे तिथेच.

म्हणून यादीत तिसरा रकाना हवा: कुठे हा शब्द चालणार नाही.

चारभिंती
बुधवार, रात्री ९:२५

मी साताऱ्यातच एमए करतोय, तत्त्वज्ञान. सर, तुमचं सगळं मान्य, पण मूळ प्रश्नच मला चुकीचा वाटतो. हे वाक्य तोडायचंच का? लेखक सांगतोय की जाणिवेच्या अवस्था वेगळ्या तुकड्यांत नसतात, एकमेकींत विरघळलेल्या असतात. आणि आपण त्याच वाक्याचे चार तुकडे करून ओळीत मांडतो. तो ज्याला चूक म्हणतो तेच आपण त्याच्या वाक्याला करतो!

आणि ताई, एक सांगू का, ईगो-सेल्फचा घोळ तुमचा एकटीचा नाही. १९१० चं पॉगसन यांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर आहे ना, त्यात या वाक्यात 'अवर ईगो लेट्स इटसेल्फ लिव्ह' आहे. आणि पुढे 'म्वा फोंदामांताल' येतो तिथे 'फंडामेंटल सेल्फ'. दोन्हीकडे फ्रेंच शब्द म्वाच, म्हणजे 'मी'. म्हणजे शंभर वर्षं लोक जे वाचतात त्यातच संज्ञा बदललेली आहे.

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री १०:०५

चारभिंती, हे वाचून केवढा धीर आला म्हणून सांगू. तपासनिसांना कळवावं की काय असं क्षणभर वाटलं, मग आवरलं.

तोडायचं का, हे माझ्या हातात नाही रे. पैसे देणाऱ्यांची अट आहे. मूळ वाक्य पॉगसन यांनी एकसंध ठेवलंय, मी मोजलं, एकतीस शब्द. सहा शब्दांसाठी एवढं रामायण.

जुनाचष्मा
गुरुवार, सकाळी ११:४५

चारभिंती, आक्षेप सुंदर आहे, पण तो थोडा जास्तच सुंदर आहे. बर्गसाँ स्वतःही छोटी वाक्ये लिहितात. त्याच परिच्छेदातले पुढचेच वाक्य पाहा, एका दमात संपते. आणि लांब वाक्य म्हणजे विरघळलेले वाक्य नव्हे. फ्रेंच लांब वाक्य फार कडकपणे सांधलेले असते, आणि सांधे असतात लिंगाचे व वचनाचे. इंग्रजीत ते सांधे नाहीत, तिथे सगळेच 'इट' आणि 'दे'. त्यामुळे लांबी तशीच ठेवली म्हणजे अर्थ टिकला असे होत नाही.

हे त्या परिच्छेदातल्या तिसऱ्या वाक्यावर दाखवतो. ते पन्नासच्या वर शब्दांचे आहे, कृष्णाकाठ यांना ते लागणारच. मराठीत: "आधीच्या अवस्था विसरायचीही त्याला गरज नाही; एवढे पुरे, की त्या अवस्था आठवताना त्याने त्या सध्याच्या अवस्थेशेजारी एका बिंदूशेजारी दुसरा बिंदू ठेवावा तशा ठेवू नयेत, तर तिच्यासह त्यांची एक सजीव घडण करावी, जसे आपण एखाद्या सुरावटीचे स्वर, जणू एकमेकांत वितळलेले, आठवतो तेव्हा होते."

फ्रेंच मुळात यात 'इल', म्हणजे 'तो', चार वेळा येतो. कागदावर चारही इलांभोवती गोल करा आणि बाण काढा. पहिला इल म्हणजे म्वा, आपला मी. दुसरा 'इल सुफी' मधला, तो कुणीच नाही, नुसते 'पुरे आहे'. तिसरा पुन्हा म्वा. चौथा 'इल आरिव्ह' मधला, तोही कुणी नाही, 'असे होते' एवढेच. चौघांनाही इंग्रजीत 'इट' केले आणि वाक्य तोडले, तर वाचक दुसऱ्या इटला पहिल्याचाच भाऊ समजेल. म्हणून नियम असा ठेवा: सुरीनंतर पहिल्यांदा येणाऱ्या म्वाच्या जागी इट नको, 'द सेल्फ' लिहा. जे इल कुणीच नाहीत त्यांना शक्यतो वाक्याच्या सुरुवातीला उभे करू नका.

मग 'आव्हेक ल्वी', म्हणजे 'त्याच्यासह'. हा ल्वी कोण? म्वाही पुल्लिंगी, आणि एता म्हणजे अवस्था, तोही पुल्लिंगी. व्याकरणाने दोन्ही चालतील. अर्थाने पाहिले तर 'सध्याची अवस्था' हेच बसते, कारण शेजारी-शेजारी ठेवण्याची गोष्ट तिच्याबाबत चालली आहे आणि 'पण' नंतर तिचीच दुसरी बाजू येते. मराठीत मी सहज 'तिच्यासह' लिहून गेलो, कारण आपली अवस्था स्त्रीलिंगी आणि मी पुल्लिंगी. मराठीने फुकटात निकाल दिला. इंग्रजी देणार नाही, तिथे 'विथ द प्रेझेंट स्टेट' असे नाव घ्यावेच लागेल.

आणि 'फोंद्यू'. वितळलेले. चारभिंती, वितळलेल्या चीजचा पदार्थ आठवला असेल तर तोच शब्द. इथे तो स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे आणि ज्याला लागतो ते नाम त्याच्या पुढे, वाक्याच्या शेवटी येते: स्वर, 'ले नोत', स्त्रीलिंगी. अवस्था पुल्लिंगी, म्हणून फोंद्यू त्यांना लागूच शकत नाही. आता हे वेगळे वाक्य करून 'दे मेल्ट टुगेदर' असे लिहा. दे म्हणजे कोण? आधीच्या वाक्यात अवस्था आहेत, वाचक त्यांनाच धरील. लेखकाने उपमेत सांगितलेली गोष्ट थेट सिद्धान्त म्हणून छापली जाईल. पुढे कुठेतरी ते अवस्थांबद्दलही असे म्हणतात, ती वेगळी जागा. इथे वितळतात ते स्वर.

मिरजजंक्शन
गुरुवार, दुपारी १२:३०

सर, तुमच्या वर्गात बसलो असतो तर जर्मनकडं गेलोच नसतो. गोल आणि बाण आजच करून बघतो, आमच्यात तर तीन लिंगं.

कृष्णाकाठ
शुक्रवार, रात्री ११:१५

दोन दिवस गोल आणि बाणच चालू होते. मुलगी म्हणाली, आई कबड्डीचा डाव आखतेय का.

आता नवा प्रयत्न. सर म्हणाले तशी अट आधी घेतली, व्याख्या नंतर:

"समटाइम्स अवर सेल्फ लेट्स इटसेल्फ लिव्ह: इट रिफ्रेन्स फ्रॉम सेपरेटिंग द प्रेझेंट स्टेट फ्रॉम द अर्लिअर स्टेट्स. द फॉर्म दॅट द सक्सेशन ऑफ अवर स्टेट्स ऑफ कॉन्शसनेस देन टेक्स इज प्युअर ड्युरेशन."

पहिलं सतरा शब्द, दुसरं पंधरा. प्रोसेस गेलं, सक्सेशन परत आलं, म्वा फक्त सेल्फ. दुसरा 'जेव्हा' अपूर्णविरामाने निभावला. देन पुन्हा आलंय, पण आता ते दोन अटींच्या मधे नाही, अट आणि व्याख्येच्या मधे आहे. चालेल ना?

तिसऱ्या वाक्याचे चार केले: "नॉर नीड द सेल्फ फर्गेट द अर्लिअर स्टेट्स. इन रिकॉलिंग दीज स्टेट्स, द सेल्फ नीड ओन्ली नॉट जक्स्टपोज देम विथ द प्रेझेंट स्टेट, लाइक वन पॉइंट बिसाइड अनदर. इन्स्टेड, द सेल्फ ऑर्गनायझेस दीज स्टेट्स टुगेदर विथ द प्रेझेंट स्टेट. द सेम हॅपन्स व्हेन वी रिकॉल द नोट्स ऑफ अ मेलडी, मेल्टेड, सो टु स्पीक, इंटू वन अनदर."

आणि शोधा-बदला सोडून दिलं. आता नुसतं मोजते. लेकाने ही ओळ लिहून दिली:

```
grep -o -i -w -E "ego|self|selves" bhashantar.txt | sort | uniq -c
```

यातल्या `-w` मुळे इटसेल्फ वगळला जातो, पूर्ण शब्द तेवढेच मोजले जातात. ईगोचा आकडा एक जरी आला तरी ते वाक्य उघडून बघायचं. बदलायचं की नाही ते डोळ्यांनी ठरवायचं.

हळदीबाजार
शनिवार, सकाळी ७:५०

हे बरंय. मोजायचं यंत्राने, बदलायचं हाताने. मी पण आमच्या 'कब्जा' शब्दाला लावून बघतो, तिथे पझेशन आणि ऑक्युपेशन असे दोन गट नंबर निघतात, आता कळलं.

चारभिंती
शनिवार, सकाळी १०:३०

ताई, तिसरं वाक्य झकास. पण पहिल्यावर माझा आक्षेप आहेच, आता दुसरा. 'समटाइम्स' कुठून आला? मूळात नाही. सर 'धिस प्रोसेस' खिशातून काढलं म्हणून रागावले, मग समटाइम्सही खिशातलाच ना? आणि व्याख्या शेवटी गेली. लेखक 'निखळ द्युरे' या शब्दांनी दार उघडतो, तुम्ही त्यांनी दार लावता.

शिवाय परिच्छेदातल्या दुसऱ्या वाक्यात 'द्युरे' क्रियापद म्हणून येतं: मी सरत्या संवेदनेत पूर्ण बुडाला तर तो 'द्युरे' करणं थांबवेल, असं. नाम आणि क्रियापद, फ्रेंचमध्ये उच्चारसुद्धा एकच. इंग्रजीत काय करणार? पॉगसन 'एन्ड्युअर' म्हणतात. त्यात सोसण्याचा वास येतो. 'लास्ट' केलं तर ड्युरेशनशी नातं तुटतं. यादीत क्रियापदं धरता की नुसती नामं?

जुनाचष्मा
शनिवार, दुपारी ४:१०

समटाइम्सबद्दल पकडलेत. तो शब्द खिशातलाच आहे. मात्र प्रोसेस नवी संज्ञा घालतो, समटाइम्स संज्ञा घालत नाही, 'जेव्हा' मध्ये दडलेले 'नेहमी नव्हे' तेवढे उघड करतो. मला तो लहान गुन्हा वाटतो. तुम्हाला मोठा वाटत असेल तर मार्ग एकच: व्याख्येचे वाक्य तोडायचे नाही आणि काम देणाऱ्यांकडून त्याच्यापुरती सूट मागायची. कृष्णाकाठ, विचारून पाहा. संपूर्ण प्रकरणात अशी व्याख्येची वाक्ये मोजकीच असतील, त्यांची यादी करून पाठवली तर कुणी नाही म्हणायचे नाही.

क्रियापदे यादीत धरलीच पाहिजेत. एन्ड्युअर घ्यावा, पहिल्या ठिकाणी टीप द्यावी की हा ड्युरेशनच्याच घरातला आहे. वास येतो खरा, पण नाते तुटण्यापेक्षा वास परवडला. जक्स्टपोज तसाच ठेवलात ते उत्तम केलेत, कृष्णाकाठ. पॉगसन तिथे 'सेट अलाँगसाइड' करतात, इंग्रजी छान होते, पण जक्स्टपोझिशन या नामाशी असलेला धागा वाचकाला दिसत नाही.

एक बारीक दुरुस्ती. 'द सेम हॅपन्स' नको. 'कॉम' म्हणजे 'जसे', 'तेच' नव्हे. उपमेची समानता झाली. 'दिस इज हाऊ वी रिकॉल' हेही नको, तिथे पुन्हा सदर बाब. 'अ‍ॅज हॅपन्स व्हेन' ठेवायचे तर आधीच्या वाक्याला जोडा, शब्द मोजा.

कृष्णाकाठ
रविवार, दुपारी १:०५

जोडलं तर अट्ठावीस होतात. सरळ 'ऑर्गनायझेस' च्या वाक्यातच उपमा घेतली आणि 'सो टु स्पीक' चे दोन स्वल्पविराम सांभाळले, तरी पंचविसात बसत नाही. पाहते.

सूट मागितली. उत्तर आलं: व्याख्येच्या वाक्याला पस्तीस शब्दांपर्यंत परवानगी, पण प्रत्येक वाक्यापुढे का ते लिहायचं. म्हणजे पहिलं वाक्य आता न तोडता जाईल, समटाइम्सशिवाय. चारभिंती, खूश?

पण यादी भरताना नवीनच सापडलं. पहिल्या वाक्यात 'एता प्रेझां' आहे आणि तिसऱ्यात 'एता आक्त्युएल'. मी दोन्हीकडे प्रेझेंट स्टेट घातलं होतं, लक्षातच आलं नव्हतं. आक्त्युएल म्हणजे रोजच्या फ्रेंचमध्ये 'सध्याचा', इंग्रजी ॲक्चुअल नव्हे, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. पॉगसन मात्र तिथे ॲक्चुअलच लिहितात. आणि लगेच पुढे त्याच अवस्थेला प्रेझेंट म्हणतात. एक संज्ञा की दोन?

चारभिंती
रविवार, दुपारी २:४०

दोन! १८९६ च्या पुस्तकात आक्त्युएल विरुद्ध व्हिर्त्युएल ही जोडी आहे. तिथे तो शब्द अगदी वजनदार आहे.

जुनाचष्मा
रविवार, सायंकाळी ५:२०

ते सात वर्षांनंतरचे पुस्तक. १८८९ च्या वाक्यात लेखकाने नुसती पुनरुक्ती टाळली असण्याची शक्यता मला जास्त वाटते, फ्रेंच शाळांत ती टाळायलाच शिकवत. पण मी हे शपथेवर सांगणार नाही. त्या प्रकरणात आक्त्युएल आणखी कुठे कुठे येतो ते सगळे काढून पाहा. दर वेळी अवस्थेलाच लागत असेल तर प्रेझेंट. आणखी कशाला लागत असेल तर मला कळवा.

कृष्णाकाठ
रविवार, रात्री १०:५०

काढते. मूळ मजकूर स्कॅनमधून घेतलाय, त्यात मात्राचिन्हं बिघडलीत, एताचे निम्मे सापडतच नाहीत. आधी ते दुरुस्त करायला घेतलंय. बुधवारपर्यंत लागेल.

कंदीपेढा
रविवार, रात्री ११:१०

ताई, वेगळा धागा काढलाय. भाचीने हा सगळा वाचला, ती आता म्हणते जर्मन करते.